बारा हजारांचे वीजबिल आणि एका पानाचे पत्र

१० एप्रिल २०२५ रोजी बाबांच्या नावावरील घरगुती वीजजोडणीचे बिल आले, ते १२,४५० रुपयांचे होते. एरवी हे बिल तेराशे-चौदाशेच्या घरात असते. भरण्याची शेवटची तारीख ३० एप्रिल होती, आणि त्या आकड्याने घरात जी खळबळ उडाली तिच्यातच बाबांनी तक्रारीचे पत्र लिहून काढले. माझ्याकडे ते केवळ शुद्धलेखन तपासण्यासाठी आले होते. अडीच पानांच्या त्या पत्रात मीटर वेड्यासारखे पळत असल्याचा आरोप होता, रीडिंग घ्यायला माणूस महिनोन्महिने फिरकत नाही ही तक्रार होती, वाढत्या दरांवर भाष्य होते आणि ज्येष्ठ नागरिकांच्या छळाचा निषेधही होता. मात्र बिलातली नेमकी कोणती रक्कम चुकीची आहे आणि बरोबर रक्कम किती, हे त्यात कुठेही नव्हते.

शुद्धलेखनाला हात लावण्याआधी मी मागच्या वर्षभराची बिले टेबलावर तारखेप्रमाणे लावली आणि प्रत्येक बिलावरील मागील रीडिंग, चालू रीडिंग, युनिट आणि रीडिंगचा शेरा एवढ्या चारच गोष्टी कागदावर उतरवल्या. असे बिल हाती आले की अगदी पहिले काम हेच करावे, असे मी आता सांगेन, कारण त्यातला दोष एका बिलावर दिसत नाही, तो ओळीने लावलेल्या बिलांत दिसतो. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी मीटरचे प्रत्यक्ष रीडिंग १४,२१० असे घेतलेले होते. त्यानंतर डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च या चारही बिलांवर रीडिंगच्या जागी ‘लॉक’ असा शेरा होता आणि प्रत्येक महिन्याला सरासरीने १५० युनिट आकारलेले होते. आमचे मीटर व्हरांड्याच्या जाळीच्या आत आहे आणि दुपारी जाळीला कुलूप असते, तेव्हा या शेऱ्याबद्दल फार भांडण्यात अर्थ नव्हता. ५ एप्रिलला मात्र जाळी उघडी सापडली आणि प्रत्यक्ष रीडिंग १५,०१० असे नोंदले गेले. १५,०१० मधून १४,२१० वजा केले की ८०० उरतात, आणि एप्रिलच्या बिलावर तेवढेच ८०० युनिट एका महिन्याचा वापर म्हणून छापलेले होते.

म्हणजे मीटरने काहीच उलटसुलट केलेले नव्हते. ८०० युनिट पाच महिन्यांत वापरले गेले होते, महिन्याला १६०. आदल्या वर्षी नोव्हेंबर ते एप्रिल या काळात दरमहा प्रत्यक्ष रीडिंग झाले होते आणि त्याची बेरीज ७८० येत होती. वापराची तुलना करताना त्याच हंगामाशी करावी, लगतच्या महिन्यांशी करू नये, एवढे या ठिकाणी सांगून ठेवते. उन्हाळ्याचा वापर थंडीच्या वापराशी ताडला की कार्यालयाला उत्तर देणे सोपे जाते.

चूक रीडिंगनंतरच्या हिशेबात होती आणि तीही दुहेरी. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात: महिन्याच्या पहिल्या १०० युनिटला सर्वांत कमी दर, १०१ ते ३०० ला त्याहून जास्त, ३०१ ते ५०० ला आणखी जास्त आणि ५०० च्या पुढे सर्वांत जास्त. पाच महिन्यांचे युनिट एकाच महिन्यात टाकले की ज्या ग्राहकाने एकदाही दुसरा टप्पा ओलांडलेला नाही, त्याला तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्याचा दर लागतो. ही पहिली चूक. दुसरी चूक अशी की, सरासरीने आकारलेल्या चार महिन्यांचे ६०० युनिटचे पैसे आम्ही वेळच्या वेळी भरलेले असूनही एप्रिलच्या बिलात त्यांची वजावट कुठेच नव्हती. बिलावर ‘समायोजित रक्कम’ हा रकाना असतो. तो कोरा किंवा शून्य असेल, तर वजावट झालेली नाही असे समजावे.

त्या रात्री मी बाबांना हे दाखवले, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न रास्तच होता.

“रीडिंग बरोबर आहे असे आपणच लिहून दिले, तर मग भांडायचे कशावर?”

“युनिटवर नाही बाबा, हिशेबावर. आठशे युनिट आपण वापरलेच आहेत, पण पाच महिन्यांत. आणि त्यातल्या सहाशेचे पैसे तुम्ही आधीच भरलेत.”

“पण मीटरसुद्धा तपासायला सांगू की. एका दगडात दोन पक्षी.”

मीटर तपासणीची मागणी काढून टाकणे, हा या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा बदल होता आणि त्यासाठी सर्वांत जास्त वाद घालावा लागला. मीटर सदोष असल्याचा आरोप केला की अर्ज बिलिंगच्या टेबलावरून उठून मीटर चाचणीकडे जातो. चाचणीचे शुल्क ग्राहकाला आधी भरावे लागते, मीटर काढून नेण्याची किंवा जागेवर दुसरे मीटर लावून ताडून पाहण्याची तारीख मिळते, आणि अहवाल येईपर्यंत बिलाचा विषय बाजूला राहतो. शेवटी अहवालात मीटर योग्य असल्याचे आले की, ज्या बिलाबद्दल आपली तक्रार खरी होती, तेच बिल त्या अहवालाच्या आधारे कायम होण्याची भीती असते. ज्यांचे मीटर खरोखर पळत असेल त्यांनी ही चाचणी जरूर मागावी. त्याची साधी परीक्षा अशी की, घरातला मुख्य स्विच बंद केल्यावरही मीटरचा दिवा लुकलुकत राहतो का आणि युनिट पुढे सरकतात का, ते पाहावे. आमच्याकडे मुख्य स्विच बंद केला की दिवा लुकलुकायचा थांबत होता.

मीटर नीट चालत असल्याचा आणखी एक पुरावा मी १४ एप्रिलला घेतला. इलेक्ट्रॉनिक मीटरच्या पडद्यावर तारीख, वेळ, दाब, कमाल मागणी असे आकडे आळीपाळीने येत राहतात आणि घाईत काढलेल्या फोटोत भलताच आकडा सापडतो. ज्या आकड्याच्या बाजूला kWh अशी अक्षरे दिसतात तेच युनिटचे रीडिंग असते, म्हणून ती अक्षरे आणि मीटरचा अनुक्रमांक एकाच फोटोत येतील असे पाहिले. त्या दिवशीचे रीडिंग १५,०६२ होते. म्हणजे ५ एप्रिलनंतरच्या नऊ दिवसांत ५२ युनिट, दिवसाला साधारण पावणेसहा. वादातल्या पाच महिन्यांचे १५१ दिवस धरले तर रोजचा वापर ५.३ युनिट पडत होता. उन्हाळा सुरू झालेला असताना ही वाढ साहजिक होती आणि दोन्ही आकडे एकमेकांना पुष्टी देत होते.

यानंतर आम्हाला मान्य असलेल्या रकमेचा हिशेब केला. खालील दर मी वहन आकार धरून पूर्ण रुपयांत सोपे करून घेतले आहेत आणि रकमा त्याच दरांनी मांडल्या आहेत. आपले दर आपल्या बिलाच्या मागील बाजूला छापलेले असतात, तेच वापरावेत. पहिल्या १०० युनिटला ५ रुपये आणि पुढच्या टप्प्याला १० रुपये धरले, तर १६० युनिटचे महिन्याला १,१०० रुपये होतात आणि पाच महिन्यांचे ५,५००. चार महिन्यांच्या सरासरी बिलांत प्रत्येकी १५० युनिटचे १,००० रुपये, म्हणजे एकूण ४,००० रुपये ऊर्जा आकारापोटी भरलेले होते. बाकी राहिले १,५००. त्यात एप्रिलचा १३० रुपये स्थिर आकार मिळवायचा, कारण आधीच्या चार महिन्यांचा स्थिर आकार त्या त्या बिलात गेलेला होता, आणि येणाऱ्या १,६३० रुपयांवर १६ टक्के वीज शुल्क लावायचे. उत्तर १,८९०.८० येते आणि दहाच्या पटीत पूर्ण केल्यावर १,८९०. बिलात मात्र ८०० युनिट एका महिन्याचे धरून तिसऱ्या टप्प्याला १५ आणि चौथ्याला १७ रुपयांप्रमाणे १०,६०० रुपये ऊर्जा आकार लावला होता. त्यावर तोच स्थिर आकार आणि तेच शुल्क चढवले की बरोबर १२,४५० होतात. आपल्या चुकीच्या बिलाचा आकडा स्वतः मांडून तंतोतंत जुळवता आला, की चूक कोणत्या पायरीवर झाली हे निश्चित होते. तो जुळत नसेल, तर पत्र लिहिण्याची घाई करू नये, कारण बिलात आपल्याला न दिसलेली आणखी एखादी बाब असते, उदाहरणार्थ जुनी थकबाकी किंवा सुरक्षा ठेवीचा फरक.

एवढे झाल्यावर पत्राच्या भाषेला हात लावला. बाबांचा विषय होता ‘अन्यायकारक वीजबिलाबाबत तीव्र निषेध’. तो बदलून ‘एप्रिल २०२५ च्या बिलाची दुरुस्ती: संचित युनिटची महिनावार विभागणी व भरलेल्या सरासरी बिलांची वजावट’ असा केला आणि त्याखाली ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक आणि बिलाची तारीख घेतली. पत्र ज्याच्या हातात प्रथम पडते, तो माणूस विषयाची ओळ वाचूनच ते कोणाकडे पाठवायचे हे ठरवतो. नंतर विशेषणे काढली. ‘अवाच्या सवा’, ‘मनमानी’, ‘डोळे झाकून’ हे शब्द गेले आणि त्या जागी आकडे आले. रीडिंग घेणारा येत नाही हे वाक्यही मी काढले, कारण कुलूप आमचेच होते आणि त्यावरून उत्तर-प्रत्युत्तर सुरू झाले असते. दरवाढीवरचा परिच्छेद गेला तेव्हा बाबांना वाईट वाटले. तो चांगला लिहिलेला होता आणि त्यांनी तो स्वतंत्रपणे वर्तमानपत्राच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात पाठवावा असे मी सुचवले.

पत्राचा मुख्य भाग शेवटी असा ठरला:

“दि. ५ नोव्हेंबर २०२४ रोजीचे प्रत्यक्ष रीडिंग १४,२१० आणि दि. ५ एप्रिल २०२५ रोजीचे प्रत्यक्ष रीडिंग १५,०१० ही दोन्ही मला मान्य आहेत. या पाच महिन्यांतील एकूण वापर ८०० युनिट, म्हणजे दरमहा सरासरी १६० युनिट आहे. आदल्या वर्षी याच पाच महिन्यांत माझा वापर ७८० युनिट होता. डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५ या चार महिन्यांची प्रत्येकी १५० युनिटची सरासरी बिले मी मुदतीत भरलेली आहेत. तथापि, एप्रिल २०२५ च्या बिलात संपूर्ण ८०० युनिट एका महिन्याचा वापर धरून उच्च टप्प्यांच्या दराने आकारले आहेत आणि उपरोक्त ६०० युनिटपोटी भरलेल्या रकमेची वजावट दिलेली नाही. सोबतच्या हिशेबानुसार माझ्याकडून देय असलेली रक्कम १,८९० रुपये आहे आणि ती मला मान्य आहे. उर्वरित १०,५६० रुपये मला मान्य नाहीत.”

पहिल्याच वाक्यात ‘मान्य आहेत’ हे शब्द यावेत यावर मी अडून राहिले. वाचणाऱ्याला लगेच कळते की येथे रीडिंगची पडताळणी, जागेची पाहणी, मीटर बदलणे यांपैकी काहीच करायचे नाही, फक्त हिशेब फिरवायचा आहे. मान्य रकमेचे वाक्यही तितकेच जपून लिहावे लागते. ‘आम्ही सुमारे दोन हजार भरायला तयार आहोत’ असे बाबांच्या मनात होते, पण तशा वाक्याला घासाघिशीचा वास येतो. सोबत हिशेब जोडलेली नेमकी रक्कम मात्र तपासून बघावी लागते. त्यानंतर तीन विनंत्या घातल्या: युनिटची पाच महिन्यांत विभागणी करून टप्प्यांचा लाभ द्यावा, भरलेल्या सरासरी बिलांची वजावट करून सुधारित बिल लेखी द्यावे, आणि निर्णय होईपर्यंत वादग्रस्त रकमेवर विलंब आकार व व्याज लावू नये तसेच पुरवठा खंडित करू नये.

या शेवटच्या विनंतीला आधार आहे. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि बिलाबद्दल वाद असताना ग्राहकाने निषेध नोंदवून एकतर मागितलेली पूर्ण रक्कम, किंवा मागील सहा महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. आमची मागील सहा बिले १,४३०, १,३७० आणि चार वेळा १,३१० अशी होती, त्यांची सरासरी १,३४० येते. आम्हाला मान्य असलेली रक्कम त्याहून जास्त होती, त्यामुळे १,८९० भरल्यावर कलमाची अटही आपोआप पुरी होत होती. मान्य रक्कम या सरासरीपेक्षा कमी निघाली, तर निदान सरासरीइतकी रक्कम निषेध नोंदवून भरावी आणि जास्तीची पुढील बिलात वळती करण्याची मागणी करावी, असे माझे मत आहे. कलमाचा उल्लेख पत्रात एकाच वाक्यात ठेवला. ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाण्याचा इशारा बाबांना हवा होता, तो पहिल्या पत्रात घातला नाही. ज्या टेबलावरून काम होण्याची शक्यता आहे, तिथे पहिल्याच भेटीत वरच्या दाराचे नाव घेण्याने काही साधत नाही.

१७ एप्रिलला एका पानाचे पत्र, हिशेबाचे दुसरे पान, सहा बिलांच्या आणि भरणा पावत्यांच्या झेरॉक्स प्रती आणि मीटरचा फोटो असा संच घेऊन आम्ही कार्यालयात गेलो. प्रत्येक जोडपत्रावर क्रमांक घातला होता आणि पत्रात त्या त्या वाक्यापुढे तो क्रमांक दिला होता. दोन प्रती नेल्या, एक आवक विभागात दिली आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतला. तिथून आम्हाला बिलिंगच्या टेबलावर पाठवले गेले. तिथल्या मॅडमनी पत्राऐवजी आधी हिशेबाचे पान ओढून घेतले आणि संगणकावर जोडणीचा तपशील उघडून ओळीवर ओळ ताडून पाहिली.

“काका, वजावट आलेलीच नाही. विभागणी टाकावी लागेल, पण मंजुरी साहेबांची,” त्या म्हणाल्या.

“मग तोवर हे बिल भरायचे की नाही?” बाबांनी विचारले.

“मान्य रक्कम भरा. पण ऑनलाइन भरू नका, खिडकीवर भरा. बिलावर साहेबांचा शेरा लागेल.”

भागरक्कम भरण्याचा हा शेरा मिळण्यात पाच दिवस गेले, कारण सही करणारे अधिकारी दौऱ्यावर होते. २२ एप्रिलला बिलावर ‘१,८९० रु. स्वीकारावे’ असा शेरा मिळाला आणि खिडकीवर रक्कम भरली. पावतीवर निषेध नोंदवण्यासाठी जागा नसते, म्हणून त्याच दिवशी ‘सदर रक्कम माझे हक्क राखून, निषेध नोंदवून भरली आहे’ असे दोन ओळींचे पत्र पावतीच्या प्रतीसह आवकमध्ये दिले आणि त्यात १७ एप्रिलच्या पत्राचा आवक क्रमांक लिहिला.

मग वाट पाहणे आले. ३० एप्रिलची मुदत उलटली तेव्हा बाबा अस्वस्थ होते आणि रोज सकाळी मीटरपाशी जाऊन पुरवठा चालू असल्याची खात्री करून येत. ५ मेला रीडिंग घेणारा आला, त्या दिवशी जाळी मुद्दाम उघडी ठेवली होती. रीडिंग १५,१८५ आले, म्हणजे १७५ युनिट. परंतु मेचे बिल हातात आले, तेव्हा त्यावर चालू महिन्याच्या १,६०० रुपयांबरोबर १०,५६० रुपये थकबाकी आणि वर विलंब आकार छापलेला होता. चौकशी केल्यावर कळले की दुरुस्तीचा प्रस्ताव मंजुरीच्या टप्प्यावर होता आणि मासिक बिले त्याआधीच तयार झाली होती. हे बहुधा अनेकांच्या वाट्याला येत असावे, म्हणून घाबरून थकबाकीसह पूर्ण बिल भरू नये. चालू महिन्याची रक्कम तेवढी वेगळी भरण्यासाठी पुन्हा शेरा मागावा.

१६ मेला आम्ही दुसरे पत्र दिले, ते पाच वाक्यांचे होते: पहिल्या पत्राचा आवक क्रमांक व तारीख, निषेध नोंदवून भरलेली रक्कम, मेच्या बिलातील चालू आकार मान्य असल्याचे निवेदन, थकबाकी व विलंब आकार अमान्य असल्याचे निवेदन आणि सुधारित बिलाची विनंती. त्याच दिवशी मॅडमनी मंजूर झालेल्या दुरुस्तीची छापील प्रत दाखवली. त्यात विभागणी आमच्यासारखी दरमहा १६० युनिटची समान नव्हती, त्या त्या महिन्याच्या दिवसांच्या प्रमाणात होती, पण सगळे महिने दुसऱ्याच टप्प्यात राहत असल्याने बेरजेत काही फरक पडला नाही. एखाद्या महिन्याचा वापर टप्प्याच्या काठावर असेल, तर मात्र या दोन पद्धतींत फरक पडू शकतो, आणि तिथे कार्यालयाची दिवसांच्या प्रमाणाची पद्धत अधिक बिनचूक आहे असे मला वाटते.

मेचे १,६०० रुपये शेरा घेऊन खिडकीवर भरले. जूनच्या बिलावर समायोजित रकमेच्या रकान्यात १०,५६० रुपये आणि विलंब आकाराची रक्कम वजा चिन्हासह आली आणि थकबाकी शून्य झाली. मोबाइलवरील ॲपमध्ये मात्र जुनी थकबाकी आणखी आठवडाभर तशीच दिसत होती. दोन्ही पत्रांच्या शिक्का मारलेल्या प्रती, शेरा असलेली बिले आणि दुरुस्तीची छापील प्रत बाबांनी जूनच्या बिलाला टाचून ठेवली आहे. रीडिंगच्या तारखेच्या आसपास दुपारची जाळी आता उघडी असते.